मुरमाड रानात माती नेमकी किती?

मृदा आरोग्य पत्रिका हातात घेतली की नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे आकडे ‘हेक्टरी किलो’ या मापात दिसतात. प्रयोगशाळेत मात्र हेक्टरभर माती कोणी तोललेली नसते. तिथे पाहतात ते एवढेच, की एक किलो मातीतून किती मिलिग्रॅम पालाश निघाला. तो आकडा २.२४ ने गुणला की हेक्टरी किलो तयार होतात.

हा २.२४ एका गृहीतावर उभा आहे. वरच्या पंधरा सेंटिमीटरच्या थरात एका हेक्टरला २२ लाख ४० हजार किलो माती असते, हे ते गृहीत. हेक्टरचे क्षेत्रफळ दहा हजार चौरस मीटर आणि खोली पंधरा सेंटिमीटर धरली तर हा थर पंधराशे घनमीटरचा होतो. त्यात २२ लाख ४० हजार किलो माती बसवायची, तर दर घन सेंटिमीटरला जवळजवळ दीड ग्रॅम माती हवी. नदीकाठच्या खोल, खडे नसलेल्या रानात हा हिशेब फारसा चुकत नाही. पण सांगोल्याच्या माळावरचे डाळिंबाचे रान घ्या. पाण्याचा चांगला निचरा होतो म्हणून डाळिंबाला हलकी मुरमाड जमीन मानवते, आणि अशा जमिनीत फावडे मारले की मातीपेक्षा खडखडाटच आधी ऐकू येतो. तिथे हेक्टरी २२ लाख किलो माती आहे का? नसेल, तर किती आहे?

हे शोधायचे तर एका ठरावीक आकारमानाच्या जागेत किती वजनाची कोरडी माती बसली आहे, ते रानातच मोजावे लागते. कृषी विद्यापीठांत याला स्थूल घनता म्हणतात, प्रयोगशाळेत बोलताना ‘बल्क डेन्सिटी’. तिची व्याख्या सोपी आहे. जमिनीतून न विस्कटता काढलेला मातीचा तुकडा ओव्हनमध्ये पूर्ण वाळवायचा आणि त्याच्या वजनाला, तो जमिनीत असताना त्याने व्यापलेल्या आकारमानाने भागायचे. या आकारमानात मातीचे कण येतात तशा कणांमधल्या पोकळ्याही येतात. म्हणून नुसत्या मातीच्या कणांची घनता २.६५ च्या आसपास असली, तरी रानातल्या मातीची घनता तिच्या निम्मीच भरते.

तुकडा काढायला लोखंडी किंवा स्टीलचे कडे वापरतात, दोन्ही तोंडे उघडी असलेल्या डब्यासारखे. त्याची खालची कड बाहेरून तासून धारदार केलेली असते, म्हणजे कडे आत शिरताना बाजूची माती बाहेर ढकलली जाते आणि आतली दबत नाही. रानातले काम हाताचे आणि सावकाशीचे आहे. वरचा पालापाचोळा सारून जागा सपाट करायची, कडे ठेवून त्यावर दुसरे तसेच कडे आणि लाकडी ठोकळा ठेवायचा आणि हातोड्याने हलके, सरळ ठोके देत ते उतरवायचे. कडे पुरते गेले की आतल्या मातीची पातळी बाहेरच्या मातीशी जुळते का ते पाहायचे. आतली माती खाली बसलेली दिसली, तर ती ठोक्यांनी दबली आहे. तो नमुना टाकून द्यायचा. पातळी जुळत असेल तर भोवतालची माती खणून, खालून खुरपे सरकवून कडे उचलायचे आणि दोन्ही तोंडांवरची जास्तीची माती सुरीने कडेच्या पातळीत छाटायची. तोंडाशी मूळ आडवे आले तर ते कात्रीने कापायचे. ओढले तर ते आतली माती सोबत घेऊन येते.

कड्याचे आकारमान माहितीपुस्तकातून घेण्याऐवजी कॅलिपरने मोजलेले बरे. पाच सेंटिमीटर व्यासाच्या कड्यात व्यास एक मिलिमीटरने चुकला, तर आकारमान चार टक्क्यांनी चुकते आणि ती चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात जाऊन बसते. ओलाव्याचेही भान लागते. अगदी कोरडी मुरमाड माती कड्यात टिकत नाही, भुसभुशीत होऊन सांडते. फार ओली असेल तर ठोक्यांनी दबते. पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांनी वाफसा येतो, तेव्हाचा नमुना सर्वांत विश्वासाचा.

आता सांगोल्यासारख्या मुरमाड रानातला एक नमुना कल्पून त्याचा हिशेब शेवटपर्यंत नेऊ. कडे आठ सेंटिमीटर व्यासाचे आणि दहा सेंटिमीटर उंचीचे. खडकाळ रानात नेहमीचे पाच सेंटिमीटरचे कडे लहान पडते, कारण एकच मोठा खडा त्याचा निम्मा भाग अडवू शकतो. आपल्या कड्याचे आकारमान ५०३ घन सेंटिमीटर भरते. नमुना १०५ अंश सेल्सिअसला चोवीस तास, वजन स्थिर होईपर्यंत वाळवला, डेसिकेटरमध्ये थंड केला आणि तोलला. कड्याचे वजन वजा जाता ७२० ग्रॅम भरले. मग तो दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळला. जगभर मृदाशास्त्रात हीच सीमा धरतात. चाळणीखाली पडते ती बारीक माती, वर राहतात ते खडे. खडे २३० ग्रॅम निघाले, मुळे वेचून वाळवली ती ३ ग्रॅम, आणि बारीक माती ४८७ ग्रॅम.

इथून पुढे एकाच नमुन्यातून तीन वेगवेगळ्या घनता निघतात, आणि घोटाळा होतो तो इथेच.

सगळ्याचे वजन सगळ्या आकारमानाने भागले, म्हणजे ७२० भागिले ५०३, की १.४३ मिळते. ही खडे-मुळांसकट असलेल्या संपूर्ण थराची घनता. दुसरी, बारीक मातीचे वजन पूर्ण कड्याच्या आकारमानाने भागायचे: ४८७ भागिले ५०३, म्हणजे ०.९७. एक घन सेंटिमीटर रानात बारीक माती किती ग्रॅम आहे, हे ती सांगते. तिसरीत बारीक मातीचे वजन फक्त तिच्या वाट्याच्या जागेने भागायचे, म्हणजे कड्यातून खड्यांची आणि मुळांची जागा वजा करून. आपल्या नमुन्यात खड्यांनी ९२ आणि मुळांनी १२ घन सेंटिमीटर जागा घेतली होती. उरली ३९९. तेव्हा ४८७ भागिले ३९९ म्हणजे १.२२. खड्यांच्या मधल्या सांदीत बारीक माती किती घट्ट बसली आहे, ते या आकड्यावरून कळते.

पायलीत आधी चार मुठी खडे टाकले आणि मग ती ज्वारीने भरली, तर पायली भरलेलीच दिसेल. तरी ज्वारी कमी असेल आणि खड्यांच्या मधल्या जागेत मात्र ती नेहमीइतकीच दाटून बसलेली असेल. ‘ज्वारी किती?’ आणि ‘ज्वारी किती दाट?’ हे दोन प्रश्न वेगळे, आणि रानातही नेमके हेच दोन प्रश्न असतात.

पहिला प्रश्न साठ्याचा. पालाश किती, कार्बन किती, पाणी किती मावेल, हे सारे बारीक मातीच्या एकूण वजनावर ठरते आणि त्यासाठी ०.९७ हाच आकडा हवा. त्यातली एक गोष्ट फार सोयीची आहे. हा आकडा काढताना खड्यांचे आकारमान लागतच नाही. कड्याचे आकारमान आणि चाळणीखालच्या मातीचे वजन, बस्स. खड्यांची घनता किती धरायची हा वाद इथे निघतच नाही. दुसरा प्रश्न घट्टपणाचा. मुळे आत शिरू शकतील का, ट्रॅक्टरच्या फेऱ्यांनी माती दबली आहे का, हवा खेळते का? त्याचे उत्तर १.२२ मध्ये आहे. चिकण मातीत घनता साधारण १.४५ ते १.५ च्या पुढे गेली की मुळांची वाढ अडू लागते. वाळूसर मातीत ही सीमा १.७ ते १.८ पर्यंत जाते. आपल्या रानातली बारीक माती चिकण असेल आणि कोणी संपूर्ण नमुन्याचा १.४३ हाच आकडा पाहिला, तर जमीन दबण्याच्या बेतात आहे असे त्याला वाटेल आणि तो सबसॉयलर बोलावून पैसे घालवील. प्रत्यक्षात ती माती मोकळी आहे. वजन खड्यांनी वाढवले होते.

आता पत्रिकेवरच्या गुणाकाराकडे पाहू. बारीक मातीचा साठा ०.९७ आणि खोली पंधरा सेंटिमीटर धरली, तर हेक्टरी साडेचौदा लाख किलो माती होते. प्रयोगशाळेने किलोमागे १०० मिलिग्रॅम पालाश दाखवला असेल, तर २.२४ च्या हिशेबाने पत्रिकेवर हेक्टरी २२४ किलो छापले जाईल. त्या रानात प्रत्यक्षात असतील १४५ किलो. इथे पत्रिकेची एक बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ‘कमी, मध्यम, भरपूर’ हे वर्ग ज्या तक्त्यांवरून ठरतात तेही याच गुणकाने बनलेले आहेत, म्हणून निव्वळ वर्ग ठरवायला ती चालते. पण त्या किलोंकडे जमिनीतली शिल्लक म्हणून पाहून खताचा जमाखर्च मांडला, तर मुरमाड रानाचा मालक स्वतःला आहे त्यापेक्षा दीडपट श्रीमंत समजेल.

कार्बनच्या हिशेबात ही चूक आणखी महाग पडते, कारण तिथे जमिनीत मुरलेल्या टनांवर पैसे मिळण्याच्या योजना येऊ लागल्या आहेत. आपल्या नमुन्यातल्या बारीक मातीत सेंद्रिय कार्बन ०.८ टक्के आहे असे धरू. दहा सेंटिमीटरच्या थरात हेक्टरी ९६८ टन बारीक माती, म्हणून कार्बन ७.७४ टन. कोणी संपूर्ण नमुन्याची घनता १.४३ घेतली, तर त्याचे उत्तर येते ११.४५ टन, म्हणजे जवळजवळ निम्म्याने जास्त. कोणी खडे वगळले खरे, पण घट्टपणाची घनता १.२२ घेऊन ती पूर्ण थराला लावली. त्याचे उत्तर ९.७६ टन, सव्वापट. कारण खड्यांच्या जागेतही माती आहे असे त्याने नकळत मानले. तिसऱ्याने १.४३ घेऊन त्यातून खड्यांच्या आकारमानाचे अठरा टक्के वजा केले, तरी ९.३५ टनच आले. खडा मातीच्या तुलनेत जड असतो. त्याने जागा अठरा टक्के घेतली असली तरी वजन बत्तीस टक्के घेतलेले असते.

मग बत्तीस टक्के वजा केले तर? संपूर्ण घनतेतून, १.४३ मधून, वजनाचे प्रमाण वजा केले तर उत्तर बरोबर येते. पण तेच बत्तीस टक्के १.२२ मधून वजा केले तर हिशेब उलट्या बाजूला घसरतो आणि ६.६५ टन दाखवतो. नियम एवढाच: संपूर्ण घनतेसोबत खड्यांचे वजनाचे प्रमाण चालते, आणि सांदीतल्या मातीच्या घनतेसोबत आकारमानाचे. यांची जोडी उलटसुलट झाली की कोणत्याही यंत्राने ती चूक सापडत नाही, कारण मोजमापे सगळी बरोबर असतात.

ही चूक नवशिक्यांपुरती नाही. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या थ्यूनेन संस्थेतले ख्रिस्तोफर पोपलाऊ, कोरा फोस आणि आक्सेल डॉन यांनी २०१७ मध्ये नेमका हाच विषय घेऊन एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. शेतजमिनींच्या देशव्यापी पाहणीतले नमुने घेऊन, संशोधनात प्रचलित असलेल्या चार पद्धतींनी एकाच मातीचा कार्बन त्यांनी मोजून पाहिला. खडे कमी तिथे चारही उत्तरे जवळजवळ होती. खड्यांचे आकारमान ३० टक्क्यांच्या वर गेले तिथे चुकीच्या पद्धतींनी साठा दुपटीपर्यंत फुगू शकतो, असे त्यांना दिसले. त्यांनी सुचवलेला मार्ग म्हणजे वर आलेलाच: बारीक मातीचे वजन भागिले नमुन्याचे संपूर्ण आकारमान.

घट्टपणा जाणून घ्यायचा असेल तर मात्र खड्यांचे आकारमान टाळता येत नाही. पुष्कळ ठिकाणी खड्यांचे वजन २.६५ ने भागून मोकळे होतात. ताज्या, काळ्या बेसाल्टच्या तुकड्याची घनता २.८ च्याही पुढे जाते. पण आपला मुरूम हा अर्धवट कुजलेला बेसाल्ट, सच्छिद्र आणि हलका. आपल्या २३० ग्रॅम खड्यांची घनता २.५ निघाली म्हणून त्यांचे आकारमान ९२ भरले. हाच मुरूम अधिक कुजलेला असता आणि घनता २.० असती, तर आकारमान ११५ झाले असते आणि सांदीतल्या मातीची घनता १.२२ ऐवजी १.३० निघाली असती. कोकणातल्या जांभ्याच्या खड्यांचेही तेच. एकाच टेकडीवर टणक आणि ठिसूळ, दोन्ही जातीचे खडे सापडतात.

म्हणून खडे पाण्यात बुडवून, पाणी किती वर चढले ते पाहणे हाच खात्रीचा उपाय. त्यातही एक बारकावा आहे. कोरडा मुरूम थेट मोजपात्रात टाकला तर त्याच्यातून बुडबुडे निघतात. त्याची छिद्रे पाणी पितात आणि तेवढे पाणी वर चढत नाही. आकारमान खऱ्यापेक्षा कमी दिसते. खडे आधी रात्रभर पाण्यात भिजत ठेवायचे, सकाळी फडक्याने वरवरचे पाणी टिपायचे आणि मग मोजपात्रात सोडायचे. आता छिद्रे भरलेली असतात, त्यामुळे खड्याने जमिनीत जेवढी जागा अडवली होती तेवढेच पाणी वर सरकते. खड्यांना चिकटलेली माती त्याआधी धुऊन काढायची आणि धुवण वाळवून बारीक मातीच्या वजनात मिळवायचे. चिकण मातीच्या रानात खड्यांवरचा हा लेप वाटतो त्याहून बराच जास्त निघतो.

सच्छिद्र मुरमाने पाण्याचा हिशेबही अवघड होतो. शंभर ग्रॅम कोरड्या बारीक मातीमागे अठरा ग्रॅम पाणी असेल, तर आपल्या दहा सेंटिमीटरच्या थरात साडेसतरा मिलिमीटर पाणी आहे. चुकून १.४३ घेतले तर पावणेसव्वीस मिलिमीटर दिसेल. एक मिलिमीटर म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर, तेव्हा हा फरक ऐंशी हजार लिटरच्या वर जातो. जमिनीत नसलेल्या या पाण्याच्या भरवशावर ठिबकच्या दोन पाळ्यांमधले अंतर ठरले, तर ऐन फळधारणेच्या वेळी झाडाला ताण बसतो. पण खडे म्हणजे पाण्याच्या दृष्टीने निव्वळ मेलेली जागा, हेही पूर्ण खरे नाही. कुजलेला मुरूम थोडे पाणी धरतो आणि बारीक मुळे त्याच्या भेगांत शिरून ते घेतात. अशा रानात खड्यांचा ओलावा वेगळा मोजून हिशेबात मिळवावा. टणक बेसाल्टच्या खड्यांना त्याची गरज नाही.

मुळांची गोष्ट खड्यांच्या उलट आहे. वजनात ती नगण्य असतात, आपल्या नमुन्यात ७२० ग्रॅममध्ये अवघी तीन. पण जिवंत मुळात तीन चतुर्थांश पाणीच असते, म्हणून वाळून तीन ग्रॅम झालेल्या मुळांनी जमिनीत असताना सुमारे बारा घन सेंटिमीटर जागा घेतली होती. ओव्हनमधून निघालेली आकसलेली मुळे मोजून हे आकारमान कळत नाही. नमुना वाळवण्याआधीच जाड मुळे वेचावीत, धुवावीत, टिपावीत आणि ताजी असतानाच पाण्यात बुडवून मोजावीत. ही जागा वजा करायची राहिली तर घट्टपणाचा आकडा १.२२ ऐवजी १.१८ येतो. फरक तीन टक्क्यांचा. पिकाच्या दोन ओळींमधल्या नमुन्यात तो सोडून दिला तरी बिघडत नाही. झाडाच्या बुंध्याजवळ, उसाच्या खोडव्यात किंवा गवताच्या गड्ड्याखाली घेतलेल्या नमुन्यात तो सोडू नये.

मुळांमुळे घनता थोडीच चुकते, कार्बन मात्र खूप. वाळलेल्या मुळात साधारण पंचेचाळीस टक्के कार्बन असतो. तीन ग्रॅम मुळांत सुमारे १.३५ ग्रॅम कार्बन झाला. त्या कड्यातल्या ४८७ ग्रॅम बारीक मातीत सगळा मिळून कार्बन आहे ३.९ ग्रॅम. ही मुळे मातीसोबत दळली गेली, तर मातीचा कार्बन एक तृतीयांशाहून अधिक वाढलेला दिसेल. तो मातीत मुरलेला कार्बन नाही. मूळ कुजले की त्यातला बराचसा वर्षा-दोन वर्षांत हवेत जाईल. म्हणून चाळणीखालच्या मातीतूनही केसासारखी मुळे चिमट्याने वेचतात. घासलेली प्लॅस्टिकची पट्टी मातीवरून अगदी जवळून फिरवली की हलकी तंतुमुळे तिला चिकटून वर येतात. ही युक्ती प्रयोगशाळांत खरोखर वापरतात.

दळण्याचा उल्लेख आला म्हणून एक इशारा. माती चाळण्याआधी ढेकळे लाकडी दांड्याने फोडतात. मुरमाड मातीत हात जरा जड पडला तर मऊ खडेही फुटतात, चाळणीखाली जातात आणि बारीक माती वाढलेली दिसते. काळ्या जमिनीतल्या चुनखडीच्या गाठींचेही असेच होते. दोन माणसांनी एकच नमुना फोडला आणि खड्यांचे वजन बरेच वेगळे आले, तर कारण बहुधा हेच असते. खडे पाण्यात धुऊन चाळले की हा संशय मिटतो. धुऊन जो शिल्लक राहतो तो खडा, विरघळून जाते ते ढेकूळ.

आतापर्यंतची सारी दुरुस्ती कड्याच्या आत मावणाऱ्या खड्यांची होती. खडकाळ रानातली सर्वांत मोठी चूक मात्र प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच झालेली असते. कडे ठोकताना दगड लागतो, ठोके देणारा ते उपटतो आणि हातभर बाजूला सरकवतो. तिथेही दगड लागला की आणखी सरकवतो. शेवटी कडे जिथे सहज जाते तिथेच नमुना घेतला जातो, म्हणजे रानातली सर्वांत कमी दगडांची जागा निवडली जाते. अशा दहा नमुन्यांचे आकडे एकमेकांशी छान जुळतात आणि सगळेच फुगलेले असतात. ही चूक ओळखण्याची खूण एकच आहे. प्रत्येक नमुन्यासाठी कडे किती वेळा हलवावे लागले, हे वहीत लिहिलेले असावे.

अशा रानात खड्डाच खणावा लागतो. तीस सेंटिमीटर लांब-रुंद आणि दहा सेंटिमीटर खोल खड्डा, निघालेला सगळा माल गोणपाटावर. खड्ड्यात पातळ प्लॅस्टिक अंथरून मोजून पाणी ओतायचे, काठाशी पाणी आले की खड्ड्याचे आकारमान कळते. समजा ते ९.२ लिटर भरले. निघालेल्या मालातून दोन सेंटिमीटरपेक्षा मोठे दगड वेगळे करून काठोकाठ भरलेल्या बादलीत बुडवले आणि ०.९२ लिटर पाणी सांडले. म्हणजे त्या थराचा दहावा हिस्सा अशा मोठ्या दगडांनी अडवला आहे, आणि कड्यातले नमुने उरलेल्या नऊ हिश्शांचे प्रतिनिधी आहेत. मग साठा ०.९७ ऐवजी ०.८७ धरायचा आणि कार्बन ७.७४ ऐवजी ६.९७ टन. इथे एकच पथ्य. दोन सेंटिमीटरवरचे खडे खड्ड्याच्या हिशेबात धरले असतील, तर ते कड्याच्या नमुन्यातून बाजूला काढून त्यांची जागाही कड्याच्या आकारमानातून वजा करायची. नाहीतर एकाच दगडाची वजाबाकी दोनदा होते.

खोल काळ्या जमिनीत खडे कमी, पण तिथे आकारमानच स्थिर नसते. ओली असताना माती फुगते, वाळताना आकसते आणि भेगा पडतात. ओलसर असताना १.३ च्या आसपास भरणारी घनता, दोन भेगांमधले कडक ढेकूळ मोजले तर १.८ पर्यंतही जाऊ शकते. दोन्ही मोजमापे आपापल्या जागी खरी आहेत. म्हणून तिथे घनतेच्या शेजारी नमुना घेतानाचा ओलावा लिहिलेला नसेल, तर तो आकडा दुसऱ्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही.

आपल्या रानाची स्थूल घनता कोणाकडून मोजून घेणार असाल, तर अहवालावर नुसते ‘घनता १.४३’ असे घेऊन परत येऊ नका. कड्याचे आकारमान, वाळलेल्या संपूर्ण नमुन्याचे वजन, खड्यांचे वजन आणि आकारमान, मुळांचे वजन आणि ताजे आकारमान, बारीक मातीचे वजन आणि नमुना घेतानाचा ओलावा, एवढे कच्चे आकडे त्यावर लिहून मागा. ते असले की वर सांगितलेली कोणतीही घनता घरी बसून साध्या भागाकाराने काढता येते, आणि ते नसले की खड्यांची दुरुस्ती झाली आहे की नाही, हे पुढे कोणालाही शोधून काढता येत नाही.